व्हिएतनामीत 'तू'ला शब्दच नाही का? आन्ह, ची, एम आणि माझा झालेला घोळ

गवतीचहा

मंडळी, हनोईत येऊन पाच महिने झाले. इथे एका स्टुडिओत योग शिकवते. भाषा मोबाईलवरच्या ॲपवर शिकले. त्यात पहिल्याच धड्यात 'तोय' म्हणजे मी आणि 'बान' म्हणजे तू, असं पाठ करून घेतलं. बाहेर पडल्यावर लक्षात आलं की रस्त्यावर हे दोन शब्द कुणी वापरतच नाही. सगळे एकमेकांना आन्ह, ची, एम, को, बाक असं काहीबाही म्हणतात. मला कुणी 'ची' म्हणतं, कुणी 'एम', तर वर्गातल्या पन्नाशीच्या बायका 'को' म्हणतात. मी तीच, मग शब्द का बदलतो?

आता खरा प्रश्न. रिसेप्शनवर एक मुलगी आहे. पहिल्या दिवसापासून ती मला 'ची' म्हणते आणि स्वतःला 'एम'. म्हणून मीही तिला एम म्हणायला लागले. गेल्या आठवड्यात सकाळच्या वर्गाची वेळ सहावरून साडेसहा झाली आणि मला पत्ताच नाही. मी अंधारात येऊन अर्धा तास पायरीवर बसले. वैतागून ग्रुपवर लिहिलं की मला कुणी कळवलं नाही. त्यावर तिचा 'झालो'वर (हे इथलं व्हॉट्सॲप) निरोप आला: "तोय दा बाओ बान रोय." म्हणजे, मी तुला आधीच कळवलं होतं.

शोधलं तर खरंच, दोन दिवस आधीचा तिचा निरोप होता. चूक माझीच. पण मला बरंही वाटलं, कारण 'बान' म्हणजे मैत्रीण ना? पाच महिन्यांनी 'ची'वरून, म्हणजे 'ताई'वरून, 'मैत्रीण' झाले! हे नवऱ्याला सांगितलं, तर त्याच्या ऑफिसातला एक व्हिएतनामी सहकारी नुसता हसला म्हणे. काय हसण्यासारखं आहे यात?

पॉलीग्लॉट_पक्या

सोप्पंय. आन्ह म्हणजे पुरुषाला 'तुम्ही', ची म्हणजे बाईला 'तुम्ही', एम म्हणजे लहानांना 'तू'. आपल्या तू-तुम्हीसारखंच, फक्त स्त्री-पुरुष वेगळे. एक तक्ता पाठ करा, दोन दिवसांत जमेल. बान कुणालाही चालतं.

टवाळ

पक्याभाऊंचे सगळे विषय दोन दिवसांत जमतात. जर्मनचं काय झालं?

खादाड_भटक्या

आम्ही मागच्या दिवाळीत गेलो होतो. गाईडने शिकवलं होतं की हॉटेलात कुणालाही बोलवायचं तर 'एम अय!' अशी हाक मारायची. मी आठ दिवस हाका मारत फिरलो. हनोईत एका फुटपाथवर फअ, म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप, विकणारी आजी होती, साठीपुढची असेल. बुटकी प्लास्टिकची स्टुलं, त्यावर माझं हे शरीर. मी मोठ्याने 'एम अय, अजून एक!' म्हणालो. शेजारच्या टेबलावरची पोरं चहा सांडेस्तोवर हसली. आजीही हसली, पण वाडगा आणून ठेवताना माझ्या डोक्यावर टपली मारून गेली.

ता.क. फअ अप्रतिम. व्हिसाचं विचारत असाल तर ऑनलाइन मिळतो.

गवतीचहा

व्हिसाचं नाही विचारत हो, मी इथेच राहते :) पण टपली का मारली ते कळलं तर माझं अर्धं काम होईल.

तळ्याकाठी

भटक्या, तू साठीच्या बाईला 'ए धाकटे' अशी हाक मारलीस, म्हणून टपली. तिला 'बा' म्हणायचं, म्हणजे आजी. फार तर 'बाक'. वेटरला एम म्हणतात, कारण तो बहुतेक वेळा विशीतला असतो. एमचा अर्थ वेटर नव्हे.

गवतीचहा, मी अकरा वर्षं हनोईत काढली, त्यातली सुरुवातीची दोन तुमच्यासारखीच 'तोय-बान'वर. पक्या म्हणतो ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गंमत आहे. आन्ह म्हणजे 'तुम्ही' नाही. आन्ह म्हणजे थोरला भाऊ. ची म्हणजे थोरली बहीण. एम म्हणजे धाकटं भावंड, मग ते मुलगा असो की मुलगी. हे शब्द समोरच्यालाही लागतात आणि स्वतःलाही. तुमची रिसेप्शनवाली तुम्हाला ची आणि स्वतःला एम म्हणायची. तुम्ही तिच्याशी बोलताना 'मी'च्या जागी ची म्हणायचं आणि 'तू'च्या जागी एम. वाक्य कुणीही बोलो, ताई ती ताईच आणि धाकटी ती धाकटीच. त्यांच्याकडे ह्याला एक जोडशब्द आहे, 'सुंग हो': सुंग म्हणजे स्वतःला काय म्हणवता ते, हो म्हणजे दुसऱ्याला काय हाक मारता ते. दोन्ही एकदम ठरतं, जोडीने. एक बदललं की दुसरं बदलावंच लागतं.

मराठीत हे अजिबात नाही असं समजू नका. आपण लहान मुलांशी असंच बोलतो. "थांब हं, आई आत्ता येते." "काका तुला चॉकलेट देणार आहेत." तिथे आई 'मी' म्हणत नाही. मूल पाचसहा वर्षांचं झालं की आपण ते सोडतो आणि मी-तू सुरू करतो. व्हिएतनामी माणूस ते सोडतच नाही, मरेपर्यंत.

आता तुमचा निरोप. ती 'एम'वरून 'तोय'वर आली आणि तुम्हाला 'ची'वरून 'बान'वर आणलं. म्हणजे बढती झाली नाहीये बाई, तिने नातं काढून घेतलंय. नवराबायकोचं भांडण झालं की आन्ह-एमचं तोय होतं, तसं हे. रागावलीये.

गवतीचहा

अरे देवा. आणि मी त्यावर बदाम पाठवला.

टवाळ

😂😂 ती "मी तुम्हाला कळवलं होतं, मॅडम" म्हणतेय आणि तुम्ही बदाम!

शुद्धमती

एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडे तू, तुम्ही, आपण असे तीन स्तर आहेत आणि त्यात सगळा आदर बसतो. सर्वनाम हे सर्वनाम असावं. सगळ्यांना भाऊ-ताई करून ठेवलं की व्याकरणाला अर्थ काय राहिला? आणि सर्व परक्यांना नातेवाईक म्हणण्यात कसला आलाय आदर? आपल्याकडे रिक्षावाल्याला 'काका' म्हणतात, तेही मला खटकतं.

दापोलीचा_दादा

शुद्धमतीताई, व्याकरणाचं मला कळत नाही, घरातलं सांगतो. माझ्या धाकट्या भावाची बायको व्हिएतनामी आहे, न्हा त्रांगच्या बाजूची. तीन वर्षांत मराठी छान उचललं. पण आमच्या आईशी बोलताना अडखळायची. आम्हाला वाटायचं क्रियापदं जड जातायत. एकदा गणपतीत मोदक वळताना तिने सांगितलं की आईंना 'मी' म्हणताना तिला आपण उद्धटपणा करतोय असं वाटतं. तिच्याकडे सासूशी बोलताना स्वतःला 'कॉन' म्हणतात, म्हणजे लेकरू. मी जेवले, मी झोपते, हे सासूसमोर म्हणायचं म्हणजे तिला छाती पुढे काढल्यासारखं वाटतं. मग ती 'मी' गाळूनच बोलायची: "जेवले. भांडी घासते." आई म्हणायची, पोरगी तुटक बोलते. दोघी एकमेकींचा मान राखत होत्या आणि दोघींना वाटत होतं समोरची फटकून वागते.

आता तिने तोडगा काढलाय. "आई, तुमची मुलगी बाजारात जाऊन येते" असं म्हणते. आईला हे इतकं आवडलं की ती शेजारणींना बोलावून ऐकवते.

तळ्याकाठी

दादा, अगदी अचूक. गंमत म्हणजे गाळून बोललेलं त्यांच्याकडेही वाईटच दिसतं. 'नोय चोंग खोंग' म्हणतात त्याला, रिकामं बोलणं. पोरं मोठ्यांशी नातं न जोडता बोलली की आया ओरडतात.

सायगावकर

मी सायगावात (हो ची मिन्ह शहरात) सात वर्षं आहे, गोदामाचं काम बघतो. तळ्याकाठी ताईंचं सगळं बरोबर, पण ते उत्तरेचं. इथे दक्षिणेत थोडं निराळं. तिकडे काकाकाकूंशी किंवा अनोळखी वडीलधाऱ्यांशी बोलताना स्वतःला 'चाऊ' म्हणतात, म्हणजे पुतण्या, भाचा, नातवंड सगळं एकच. आमच्याकडे तिथेही सर्रास 'कॉन'. पहिल्यांदा हनोईच्या एका गिऱ्हाइकाशी फोनवर 'कॉन' म्हणालो तर पलीकडून थोडी शांतता, मग "तू कुणाचा लेक रे?"

दुसरं, इथे थोरल्या मुलाला 'हाय' म्हणतात. हाय म्हणजे दोन! पहिला मुलगा दोन, दुसरा तीन. आमचा मुकादम 'आन्ह बा' आहे, म्हणजे 'भाऊ तीन', आणि तो घरात दुसरा. एक नंबर कुठे गेला याची इथे पाच जण पाच कथा सांगतात, मी एकही धरत नाही.

खादाड_भटक्या

म्हणजे 'बा' म्हणजे आजी आणि 'बा' म्हणजे तीनसुद्धा?

सायगावकर

सूर वेगळा. आजीचा बा खाली उतरतो, तीनचा सपाट. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसणार. 'ची'चंही तेच. ताईचा ची दाबून, तोडून म्हणायचा. आमच्याकडे 'ती' म्हणायला ताईच्याच चीला हेलकावा देतात, खाली जाऊन वर. उत्तरेत त्यासाठी 'ची अय' असे दोन शब्द लागतात, आम्ही एकात भागवतो. आन्हचंही तसंच, सूर मुरडला की 'तो'.

टवाळ

मला सर्वांत आवडलं ते यारदोस्तांचं. माझा रूममेट व्हिएतनामी होता. मित्राशी फोनवर बोलताना सारखं 'माय' आणि 'ताव' ऐकू यायचं. मला वाटायचं बिचारा आईची आठवण काढतोय. नंतर कळलं, माय म्हणजे 'तू' आणि ताव म्हणजे 'मी', दोन्ही शिवीच्या अंगाने. ताव खाल्ल्याशिवाय वापरायचं नाही असं मी लक्षात ठेवलंय.

तळ्याकाठी

'माय'मधला आ आखूड आहे, पण युक्ती चांगली. फक्त ताव न खाताही वापरतात: जिवलग मित्र, शाळासोबती. अनोळखी माणसाला म्हणालात तर मात्र मारामारी.

पॉलीग्लॉट_पक्या

मी वर लिहिलेलं मागे घेतो, स्वतःलाही लागतं हे माहीत नव्हतं. पण मग एक शंका. तिथली प्रेमगीतं ऐकली तर 'आन्ह' आणि 'एम' सोडून काही नसतं. म्हणजे थोरला भाऊ आणि धाकटी बहीण?? हे कसं चालतं?

टवाळ

राखीला सुट्टी असते का तिकडे?

सायगावकर

हाच प्रश्न मी आमच्या ऑफिसात विचारला होता आणि सगळ्या बायका माझ्याकडे किळसवाण्या नजरेने बघायला लागल्या. त्यांना तिथे 'भाऊ' ऐकूच येत नाही. जसं आपण हॉटेलात 'भाऊ, दोन चहा' म्हणतो तेव्हा खरा भाऊ डोळ्यांसमोर येत नाही. प्रेमात पुरुष आन्ह आणि बाई एम, बहुतेक ठिकाणी वय काही का असेना.

आणि इथेच मजा आहे. आमच्या हिशेब विभागात एक मुलगी आहे आणि डिस्पॅचला तिच्याहून तीन वर्षांनी लहान मुलगा. दोन वर्षं तो तिला ची म्हणायचा, स्वतःला एम. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने तिला कॉफी आणून दिली आणि स्वतःला एम म्हणायचं टाळलं. ताई नाही, धाकटा नाही, नुसतं "कॉफी आणली." सगळ्या टेबलाने ते टिपलं, मी सोडून. दोन आठवड्यांनी तो तिला 'एम' म्हणाला. तिने ऐकून घेतलं, रागावली नाही. झालं! अख्ख्या मजल्याला कळलं की जमलं. 'आय लव्ह यू' वगैरे काही झालं नव्हतं. ती उलट 'ची' म्हणून उत्तर देती तर त्याचा पत्ता कट झाला असता, तोही एका शब्दात.

दापोलीचा_दादा

हे म्हणजे आमच्या वडिलांच्या काळातलं. आईने पहिल्यांदा 'अहो' म्हटलं, तेव्हा लग्न झाल्यासारखं वाटलं, असं ते सांगायचे. मंगळसूत्राने नाही.

शुद्धमती

'अहो' हे उदाहरण मान्य. पण त्यात 'मी' बदलत नाही, हा फरक राहतोच. बरं, हो ची मिन्ह यांना 'अंकल हो' म्हणतात ते यातूनच का?

तळ्याकाठी

हो, 'बाक हो'. बाक म्हणजे वडिलांचा थोरला भाऊ. (उत्तरेत आईवडील दोघांच्याही थोरल्या भावाबहिणींना बाक.) वडिलांच्या धाकट्या भावाला चू म्हणतात. 'चू हो' कुणी म्हणत नाही. म्हणजे ऐकणाऱ्याच्या वडिलांपेक्षाही मोठा मान. इंग्रजी 'अंकल'मध्ये हे सगळं वाहून जातं, मराठीत निदान 'थोरले काका' म्हणता येईल.

सायगावकर

ताई, इथे मला तुमच्या आधीच्या एका वाक्याला थोडं अडवायचंय. 'तोय' म्हणजे नातं काढून घेणं, असं सरसकट नाही. २ सप्टेंबर १९४५ ला बा दिन्ह मैदानात स्वातंत्र्याची घोषणा वाचताना हो ची मिन्ह मध्येच थांबून लोकांना विचारतात, मी बोलतोय ते देशबांधवांना नीट ऐकू येतंय का? तिथे त्यांनी स्वतःला 'तोय' म्हटलं, बाक नाही. समोर हजारो माणसं, सगळ्या वयांची, तेव्हा तोयच बरा. बातम्या, भाषण, पोलिसात जबाब, सगळीकडे तोय. मूळ अर्थ चाकर, सेवक, म्हणजे नम्रच होता. आता झिजून सपाट झालाय.

तळ्याकाठी

मान्य. सुधारून सांगते. तोय मुळात थंड नाही. आधी एम असलेल्याने तोय केलं, तर थंड. कुठून कुठे आलं ते बघायचं.

गवतीचहा

बापरे, केवढा धागा झाला. कामाचं विचारते. मी आता तिला काय लिहू? आणि वर्गातल्या पन्नाशीच्या बायका मला 'को' का म्हणतात? को म्हणजे आत्या ना?

तळ्याकाठी

को म्हणजे आत्या, आणि शिक्षिकाही. शाळेतली पोरं बाईंना आत्याच म्हणतात. तुम्ही शिकवता म्हणून को. त्या बायका स्वतःला एम म्हणतात का ते ऐका. बहुतेक नाही म्हणणार. तुम्हाला 'को' आणि स्वतःला 'तोय' किंवा 'ची', असं काहीतरी अर्धं पद, अर्धं वय. तुम्ही मात्र त्यांना धाकटं करू नका, ची नाहीतर बाकच म्हणा.

निरोप असा लिहा: "एम अय, ची न्हम ज्यअ, ची सिन लोय एम न्ये." शब्दाला शब्द लावला तर: धाकटे, ताईचा वेळेत घोळ झाला, ताई धाकटीची माफी मागते हं. शेवटचा 'न्ये' विसरू नका, तो आपला 'हं' आहे. माफीपेक्षा तुम्ही पुन्हा ची-एमवर आलात हे ती आधी वाचेल.

सायगावकर

थांबा थांबा. तिचं वय माहितीये का?

गवतीचहा

नाही. दिसते तेवीस-चोवीसची. बारीक आहे, पोनीटेल.

सायगावकर

दिसण्यावर जाऊ नका, सात वर्षांत माझा एकही अंदाज बरोबर आलेला नाही. इथे लोक पहिल्या भेटीत वय विचारतात ते भोचकपणा म्हणून नाही, त्याशिवाय पुढचं वाक्यच तयार होत नाही. थेट साल विचारायचं नसेल तर 'प्राणी कुठला' विचारा. बारा वर्षांचं चक्र, तिथून साल काढता येतं. ससा नाही बरं का, व्हिएतनाममध्ये त्या जागी मांजर.

गवतीचहा (दोन दिवसांनी)

निरोप पाठवला नाही, आधी वय काढलं. चहा घेताना सहज विचारल्यासारखं केलं. ती म्हणाली, घोडा. मी हिशेब केला, २००२, बरोबर! मग तिने फोनवर मुलीचा फोटो दाखवला. तिसरीतली मुलगी!! म्हणजे २००२ नव्हे, १९९०. आणि मी १९९१ ची, बकरी. पाच महिने मी माझ्यापेक्षा मोठ्या बाईला 'धाकटे' म्हणत होते, तेही हुकूम सोडत.

टवाळ

भटक्याची टपली परवडली.

सायगावकर

बघा! बाराची चूक म्हणतात ती ही. पण तिनेच आधी तुम्हाला ची म्हटलं होतं ना? काउंटरवरच्या माणसाने समोरच्याला एक पायरी वर चढवायची ही रीत आहे. वयाने मोठी असली तरी ती ची म्हणणार. तुम्ही ते सौजन्य समजून "नको, तूच ची" असं एकदा तरी म्हणायचं असतं. तुम्ही लगेच एम उचललंत. माझ्या मते तिला वेळेच्या भानगडीपेक्षा हेच लागलं असणार.

तळ्याकाठी

मला नाही पटत. पाच महिने एम ऐकून घेतलं आणि नेमकं ग्रुपवर जाहीर तक्रार झाल्यावरच तोय आलं. राग तक्रारीचाच. वयाचं असतं तर दुसऱ्याच आठवड्यात तिने काहीतरी निमित्ताने मुलीचा फोटो दाखवला असता.

बरं, गवतीचहा, १९९१ चा महिना कुठला?

गवतीचहा

जानेवारी. वीस तारीख. का?

तळ्याकाठी

मग तुम्ही बकरी नाहीच! त्या वर्षी तेत, म्हणजे त्यांचा चांद्र नववर्षाचा सण, १५ फेब्रुवारीला होता. त्याआधी जन्मलेले सगळे आदल्या वर्षाचे. तुम्हीही घोडाच. दोघी एका प्राण्याच्या, म्हणजे बरोबरीच्या.

पॉलीग्लॉट_पक्या

म्हणजे बरोबरीच्या असतील तर 'बान' बरोबरच होतं की! ताईंचा बदाम वाया गेला नाही. 😄

सायगावकर

ऑफिसात कुणी चंद्र बघत नाही हो. जन्मसाल विचारतात, १९९० आणि १९९१. शाळेची तुकडीही त्यावरच. माझ्या हिशेबाने ती ची, तुम्ही एम.

तळ्याकाठी

घरच्या आजीला विचारा, ती चंद्रच धरेल. हा वाद सुटणारा नाही. पण पक्या, बरोबरीच्या असल्या तरी 'तोय'चं काय? हनोईतल्या बरोबरीच्या मैत्रिणी तअ-कौ म्हणतात, नाहीतर मिन्ह-बान. ती 'मिन्ह' म्हणाली असती तर मी एक अक्षर बोलले नसते. तिने तोय म्हटलं.

दापोलीचा_दादा

वहिनीला, म्हणजे भावाच्या बायकोला, हा धागा वाचून दाखवला. (वयाने मी मोठा, तरी तिला वहिनी म्हणतो. ती म्हणते आमच्यात नात्याची पायरी धरतात, वय नाही. थोरल्या काकांचं पोर पाळण्यात असलं तरी तुम्ही त्याला आन्ह म्हणायचं. त्यांची म्हण आहे, बटाट्याएवढं असलं तरी पायरी बघून हाक मारा.) तिचं म्हणणं, वयाचा हिशेब सोडा, तिलाच विचारा "मी तुला काय म्हणू?" हे विचारणं तिकडे अजिबात विचित्र नाही, उलट न विचारणंच विचित्र.

खादाड_भटक्या

म्हण 'बटाटा'च आहे का रताळं? खाण्याचा विषय आला म्हणून विचारतो.

दापोलीचा_दादा

वहिनी म्हणते 'खोअय', म्हणजे कंद. बटाटा, रताळं, जे ताटात असेल ते.

गवतीचहा (चार दिवसांनी)

विचारलं. आधी माफी मागितली, वेळेचीही आणि एमचीही. ती खूप हसली. म्हणाली, काउंटरवर लोकांसमोर मी ची आणि ती एम हे तसंच राहू दे, मॅनेजरला तसंच आवडतं. बाहेर चहाला गेलो की मिन्ह-बान. राग कशाचा होता ते विचारायचं धाडस झालं नाही, त्यामुळे तुमच्या दोघांचा वाद तसाच.

आज संध्याकाळी वर्ग संपल्यावर तिचा झालोवर निरोप आला: "मिन्ह वे न्ये." वे म्हणजे घरी जाणं, न्ये म्हणजे हं, हे कळलं. म्हणजे "मी निघते हं"? मी "बाय" लिहून आवराआवर करत बसले. वीस मिनिटांनी खाली आले तर ती स्कूटर घेऊन दारात उभी, माझं हेल्मेट हातात!

तळ्याकाठी

मिन्ह म्हणजे मी. मिन्ह म्हणजे आपणही. "आपण निघूया हं."

सायगावकर

आणि नवराबायको एकमेकांना म्हणतात तेव्हा 'अहो'.

टवाळ

वीस मिनिटं. रस्त्यावर. तोय परत येणार बघा उद्या.

गवतीचहा

स्कूटरवर काहीच बोलली नाही ती. सिग्नलला फक्त म्हणाली, "धर घट्ट." कुणी धरायचं, धाकटीने का ताईने, काहीच नाही, नुसतं धर. तळ्याकाठी ताई, हे ते 'रिकामं' बोलणं का?

तळ्याकाठी

सिग्नल कुठला होता? लाँग बिएन पुलाच्या बाजूचा असेल तर तिथल्या गर्दीत कुणीच नात्याने बोलत नाही.

गवतीचहा

तोच :)